चांद्र सणांचे सरकते दिनांक

ज्या सणांची तिथी चंद्राच्या कलांवरून ठरते, ते सौर दिनदर्शिकेत दरवर्षी निरनिराळ्या दिनांकांना येतात. चांद्र आणि सौर वर्षांच्या लांबीतील तफावत आणि ती भरून काढण्यासाठी धरला जाणारा अधिकमास, ही त्यामागची कारणे आहेत. नाशिक परिसरातील रामनवमी, सप्तशृंगीचा चैत्रोत्सव आणि त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथ यात्रा ही त्याची परिचित उदाहरणे होत. येथे विवेचनासाठी निवृत्तिनाथ यात्रा घेतली आहे, कारण ती मकरसंक्रांतीच्या आगेमागे येते आणि संक्रांत हा सौर सण असल्याने दोन्ही गणनांमधला फरक तिथे नेमका दिसतो.

यात्रेचा मुख्य दिवस पौष वद्य एकादशी. २०२३ मध्ये ती १८ जानेवारीला आली, २०२४ मध्ये ६ फेब्रुवारीला, २०२५ मध्ये २५ जानेवारीला आणि २०२६ मध्ये थेट १४ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्याच दिवशी. पहिल्या दोन दिनांकांमध्ये ३८४ दिवसांचे अंतर आहे. पुढच्या दोन्ही वेळा ते ३५४ दिवसांचे आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, त्यामुळे बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात आणि तेरा चांद्रमासांना सुमारे ३८४ दिवस लागतात. सौर वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे असल्याने बारा मासांच्या वर्षात सण साधारण ११ दिवस अलीकडे येतो. २०२४ नंतर यात्रा १२ दिवस मागे आली, कारण त्या वर्षीच्या फेब्रुवारीला २९ दिवस होते. तेरा मासांच्या वर्षात तीच यात्रा १९ दिवस पुढे जाते.

तेरावा मास केव्हा धरायचा याचा नियम सूर्याच्या राशिसंक्रमणावर आधारलेला आहे. महाराष्ट्रातील अमान्त गणनेत मास अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून पुढील अमावास्येपर्यंत चालतो. त्या अवधीत सूर्य ज्या राशीत शिरतो तिच्यावरून मासाला नाव मिळते, आणि ज्या मासात संक्रांतच होत नाही तो अधिक. २०२३ मध्ये कर्कसंक्रांत १७ जुलैच्या पहाटे झाली आणि अमावास्या त्याच दिवशी रात्री बाराच्या सुमारास संपली. पुढील अमावास्या १६ ऑगस्टच्या दुपारी संपली, तर सिंहसंक्रांत १७ ऑगस्टच्या दुपारी झाली. दोन संक्रांतींच्या मध्ये एक संपूर्ण चांद्रमास मावला आणि दोन्ही टोकांना जेमतेम एकेका दिवसाचे अंतर उरले. म्हणून १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण ठरला व निज श्रावण त्यानंतर सुरू झाला. असा मास सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ अचूक बसत असल्याने दिनांकांची पुनरावृत्तीही तेवढ्या काळाने होते. २००४ मधील अधिक श्रावणही १८ जुलै ते १६ ऑगस्ट असाच होता.

याच नियमामुळे यात्रेचे सरकणे मर्यादित राहते. पौषात मकरसंक्रांत यावीच लागते, त्यामुळे पौषाची अमावास्या संक्रांतीच्या आधी येऊ शकत नाही आणि तिच्या सुमारे चार दिवस आधीची एकादशी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच फिरते. हिजरी गणनेत अधिकमास नसल्याने रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो.

अधिकमासाची प्रथा किती जुनी, याविषयी मतभेद आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील वरुणसूक्तात बारा मास जाणणाऱ्या वरुणाला त्यांच्याजवळ उत्पन्न होणाराही ठाऊक असतो असे म्हटले आहे, आणि हा उल्लेख बहुतेक अभ्यासक तेराव्या मासाचा मानतात. निश्चित गणित मात्र प्रथम वेदांगज्योतिषात आढळते. त्यात पाच वर्षांचे युग, १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास, म्हणजे दोन अधिकमास, सांगितले आहेत. धनिष्ठारंभी उत्तरायण होत असल्याच्या त्यातील उल्लेखावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हा ग्रंथ इ. स. पू. १४०० च्या सुमाराचा मानला. डेव्हिड पिंग्री यांनी तो बराच अलीकडचा ठरवून त्यावर मेसोपोटेमियातील गणिताचा प्रभाव सुचविला. अयनस्थितीची नोंद जुनी आणि ग्रंथाचे उपलब्ध रूप नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पाच सौर वर्षांचे दिवस सुमारे १८२६, तर ६२ चांद्रमासांचे जवळजवळ १८३१ होतात. म्हणजे प्रत्येक युगात चारपाच दिवसांची चूक साचते आणि तीस वर्षांत सण जवळपास महिनाभर पुढे जातात. हे युग दीर्घकाळ जसेच्या तसे वापरात असेल, तर अधूनमधून एखादा अधिकमास गाळावा लागत असला पाहिजे.

संक्रांतीवर आधारलेल्या नियमाने ही चूक दूर झाली, पण राशींचा आरंभ कोठून मोजायचा हा नवा प्रश्न उभा राहिला. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावरून १८६५ पासून निघालेल्या पटवर्धनी पंचांगात रेवती नक्षत्रातील एका मंद ताऱ्यापासून आरंभ धरला होता. टिळक पंचांगाने हाच रैवत पक्ष पुढे चालविला. सर्वाधिक प्रचारात असलेला चैत्र पक्ष चित्रा ताऱ्याला १८० अंशांवर ठेवतो. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून रैवत पक्षाची प्रत्येक संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते आणि टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास असते.

एरवी या चार दिवसांनी चांद्र सणांवर परिणाम होत नाही, कारण तिथी चंद्र व सूर्य यांच्यातील अंतरावरून ठरते आणि ते अंतर आरंभबिंदूवर अवलंबून नाही. अधिकमासाच्या काठावर मात्र हेच चार दिवस निर्णायक होतात. २०२३ मध्ये रैवत पक्षाची सिंहसंक्रांत १३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे १६ ऑगस्टच्या अमावास्येपूर्वीच झाली. त्यामुळे त्या पक्षात अधिक श्रावण उरलाच नाही. चैत्र पक्षात १७ ऑगस्टला निज श्रावण लागला, तर टिळक पंचांगात भाद्रपद. परिणामी टिळक पंचांगाची गणेशचतुर्थी २० ऑगस्टला आणि इतरांची १९ सप्टेंबरला आली. चंद्राची स्थिती दोन्ही पंचांगांत एकच होती, वेगळे होते ते मासाचे नाव. पंचांगातील अशुद्ध गणित हे अशा फरकाचे कारण म्हणून अनेकदा सांगितले जाते, पण या उदाहरणात दोन्हींचे गणित शुद्धच आहे.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चैत्र पक्षाला जवळचे अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि राशींचा आरंभबिंदू यांतील अंतर, स्वीकारले, २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला, आणि राष्ट्रीय पंचांग त्यावर चालते. त्याआधी विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक व स्वतः दीक्षित यांनी राशी ताऱ्यांऐवजी वसंतसंपातापासून मोजणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला होता. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे निरयन संक्रांती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातात, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. निवृत्तिनाथ यात्रेचा वर सांगितलेला पट्टाही त्याच गतीने फेब्रुवारीकडे सरकत आहे. सायन गणना मात्र लोकव्यवहारात रुजली नाही. ती स्वीकारल्यास संक्रांती आज सुमारे २४ दिवस आधी येतील आणि बहुतेक वर्षांत प्रचलित मासनामे एका मासाने बदलतील.