‘मी’ आणि ‘तू’ कुठून आले: व्हिएतनामी मोबाइल गेममधल्या संवादांची पार्श्वभूमी

गेममध्ये एक साधं वाक्य आहे असं समजू: ‘येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना मी तुला.’ मूळ इंग्रजीत ते कोणीही कोणालाही म्हणू शकतं. व्हिएतनामीत मात्र बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्यांचं सध्या कसं चाललंय हे ठरल्याशिवाय या वाक्याचा पहिला शब्दही लिहिता येत नाही. स्ट्रिंग फाइलमध्ये, म्हणजे गेममधली सगळी वाक्यं साठवलेल्या फाइलमध्ये, ते असं दिसतं:

```
vua -> tướng        Trẫm đã bảo khanh đừng đến.
sư phụ -> đồ đệ     Ta đã bảo con đừng đến.
kẻ thù -> kẻ thù    Ta đã bảo ngươi đừng đến.
chị -> em           Chị đã bảo em đừng đến.
bạn thân            Tao đã bảo mày đừng đến.
```

वरून खाली राजा आणि सेनापती, गुरू आणि शिष्य, दोन शत्रू, थोरली बहीण आणि धाकटं भावंड, आणि जिवलग मित्र. पाचही वाक्यांत ‘đã bảo’ आणि ‘đừng đến’ तसंच आहे, बदलते ती फक्त ‘मी–तू’ची जोडी. मराठीत तू, तुम्ही, आपण एवढ्यावर बरंच भागतं आणि ‘मी’ तर सगळ्यांचा सारखाच असतो. व्हिएतनामीत ‘मी’सुद्धा बदलतो, आणि रोजच्या बोलण्यात या दोन्ही जागी बहुतेक वेळा नात्याचेच शब्द येतात: दादा, ताई, काका, लेकरू. या व्यवस्थेला तिथे ‘सुंग हो’ म्हणतात. पात्राचा आवाज सांभाळायचा म्हणजे आधी त्याचं सुंग हो सांभाळायचं. बाकी शब्दकळा त्यानंतर येते.

पण राजाचा ‘चम’, गुरूचा ‘ता’, शत्रूचा ‘न्गुओइ’ आज व्हिएतनाममध्ये रस्त्यावर कोणी बोलत नाही. तरी पंधरा वर्षांच्या खेळाडूला ते लगेच कळतात. ही ओळख कुठून आली याचं उत्तर गेमपेक्षा खूप जुनं आहे.

व्हिएतनामीत चिनी अक्षरांचे ठरलेले उच्चार शतकानुशतकं चालत आलेले आहेत. त्यांना हान-व्हिएत उच्चार म्हणतात. चिनी मजकुरातलं कोणतंही नाव या उच्चारांत जसंच्या तसं उतरवता येतं आणि ते व्हिएतनामी कानाला भारदस्त वाटतं, काहीसं आपल्याकडे संस्कृत तत्सम शब्द वाटतात तसं. १९६०च्या दशकात सायगावच्या दैनिकांमध्ये हाँगकाँगचे कादंबरीकार जिन योंग यांच्या तलवारबाजीच्या कथांची भाषांतरं क्रमशः छापली जाऊ लागली आणि लोक त्यांच्यासाठी वर्तमानपत्र विकत घेऊ लागले. व्हिएतनामीत या प्रकाराला ‘किएम हिएप’ म्हणतात. रोज पुढचा भाग द्यायचा असल्यामुळे भाषांतरकारांना वेग लागायचा. त्यामुळे शस्त्रं, डावपेच, पंथ यांची नावं हान-व्हिएत उच्चारांतच ठेवायची आणि पात्रांनी एकमेकांना ‘हुइन्ह’, ‘मुओय’ आणि स्वतःला ‘ताय हा’ म्हणायचं, असा एक साचा पडला. (बंधू, धाकटी भगिनी, आणि स्वतःला लीनपणे ‘मी पामर’ म्हणावं तसं.) १९७५ मध्ये सायगाव कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावर ही पुस्तकं दुकानांतून गेली, पण पुढे हाँगकाँगच्या मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट आल्या आणि व्हिएतनामी डबिंगमध्ये तीच बोली पुन्हा घराघरांत ऐकू आली.

मग २००५ साल उजाडलं. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या व्हिनागेम कंपनीने (आजची व्हीएनजी) किंगसॉफ्टचा चिनी ऑनलाइन गेम ‘वो लाम त्रुयेन की’ या नावाने व्हिएतनाममध्ये आणला आणि इंटरनेट कॅफे भरून वाहू लागले. गेममधले पंथ, विद्या, औषधं सगळी हान-व्हिएतमध्ये होती आणि कोणालाही ती समजावून सांगावी लागली नाहीत. मला यातलं सर्वांत आवडणारं नाव म्हणजे शहरात क्षणात परत नेणाऱ्या चिठ्ठीचं: ‘थो दिया फू’, म्हणजे थो दियाचा ताईत. थो दिया हा भूमीचा रखवालदार देव. व्हिएतनाममध्ये असंख्य दुकानांत आणि घरांत जमिनीला टेकून त्याचा छोटा देव्हारा असतो. नाव चिनीतून आलं, पण खेळाडूला ते आपल्या दारातलंच वाटलं. उसनं नाव इतकं चपखल बसणं हे नशीब होतं, आणि पुढच्या भाषांतरकारांनी त्यालाच नियम समजून घेतलं.

स्मार्टफोन आले आणि २०१०च्या दशकात चिनी मोबाइल गेमची रांग लागली, तेव्हा हा साचा आयताच हाताशी होता. शिवाय तो पडद्याला सोयीचा होता. चिनी बटणावर चार अक्षरांची जागा असेल तर हान-व्हिएतमध्ये चार शब्दावयव होतात. सोप्या व्हिएतनामीत तोच अर्थ सांगायला सहा-सात लागतात, आणि शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागा वेगळ्याच. व्हिएतनामी अक्षरावर दोन-दोन खुणा चढतात, उदाहरणार्थ Ế किंवा Ổ. मूळ मांडणी चिनी फाँटच्या उंचीने केलेली असेल तर वरची खूण छाटली जाते, आणि खूण छाटली की शब्दच वेगळा होतो. म्हणून नाव जितकं छोटं तितकं बरं, अशी गरज हान-व्हिएतच्या सवयीला आणखी खतपाणी घालत राहिली.

याच काळात दुसरी धाराही वाहत होती. लीग ऑफ लेजंड्स हा अमेरिकी संगणक-गेम व्हिएतनाममध्ये २०१२ मध्ये आला. त्यातल्या वस्तूंची नावं शेजारी शेजारी ठेवली की भाषांतरकारांची ओढाताण दिसते. ‘वो कुक किएम’ ही अनंताची तलवार: सगळे शब्द हान-व्हिएत आणि क्रमही चिनी, विशेषण आधी, तलवार शेवटी. ‘गुओम सुय वोंग’ ही विनाशाची तलवार: इथे तलवारीसाठी देशी शब्द ‘गुओम’ आणि क्रम व्हिएतनामी, म्हणजे वस्तू आधी आणि वर्णन नंतर. ‘रिउ देन’ म्हणजे नुसती काळी कुऱ्हाड, पूर्ण देशी. एकाच दुकानात तीन स्तरांची भाषा. मला हा गोंधळ वाटत नाही. तात्त्विक, दैवी वस्तूला हान-व्हिएत शोभतं आणि रांगड्या कुऱ्हाडीला देशी शब्दच हवा. २०१६ मध्ये आलेल्या लिएन क्वान मोबाइल या गेममध्ये हीच निवड पात्रांच्या नावांत दिसते. चीनच्या तीन राज्यांच्या कथांतले वीर लू बो, च्यिउ वान अशा हान-व्हिएत रूपात आहेत, तर व्हायोलेट, व्हॅलहाइन यांना कोणी हात लावलेला नाही.

खरी उलथापालथ २०२० मध्ये झाली. २८ सप्टेंबरला गेन्शिन इम्पॅक्ट हा चिनी गेम जगभर एकाच वेळी आला, तो पहिल्या दिवसापासून १३ भाषांच्या मजकुरासह, आणि त्यांत व्हिएतनामी होती. आवाज मात्र फक्त चार भाषांत होते. त्यामुळे व्हिएतनामी खेळाडू कानाने जपानी किंवा चिनी ऐकतो आणि डोळ्यांनी व्हिएतनामी वाचतो. अभिनेत्याने मऊ सुरात म्हटलेल्या वाक्याखाली कोरडा ‘न्गुओइ’ आला की तो तत्काळ खटकतो. या गेममध्ये चिनी वळणाच्या प्रदेशातल्या पात्रांची नावंही हान-व्हिएतमध्ये नाहीत. झोंगली हा झोंगलीच राहिला, चाहते त्याला चुंग ली म्हणतात ते वेगळं. वस्तूंमध्ये मात्र जुनं वळण टिकलं: न्गुयेन थाच हा मौल्यवान खडा, आणि ‘चुओंग हो मा’ हा भाला. यातला ‘हो मा’ म्हणजे आपला होम. बौद्ध विधींबरोबर तो संस्कृतातून चिनीत गेला आणि तिथून व्हिएतनामीत. इथे चुओंग म्हणजे दंड आधी आणि हो मा नंतर, म्हणजे शब्द उसने पण क्रम व्हिएतनामी. नावं देण्याची आजची रीत मुख्यतः ही आहे, आणि मला ती योग्य वाटते.

जगभर एकाच वेळी येणाऱ्या गेमसाठी भाषांतर बहुधा इंग्रजीवरून होतं. चिनी मजकुरातले ‘बंधू’, ‘गुरुवर्य’, ‘दासी’ इंग्रजीत नुसतं ‘यू’ होऊन येतात. त्यात वाक्यं स्ट्रिंग-क्रमांकाने लावलेली असतात, बोलणाऱ्याचं नाव असलं तरी ऐकणाऱ्याचं नसतं, आणि एकच प्रकरण तिघांत वाटलेलं असतं. अशा वेळी भाषांतरकार ‘ता–न्गुओइ’चा आसरा घेतो, कारण त्यात वय नाही, लिंग नाही, नातं नाही. चेहरा झाकलेल्या पात्राला ही जोडी नेमकी लागू पडते. पण औषध विकणारी आजी, पळपुटा चोर आणि दहा वर्षांची राजकन्या तिघंही ‘ता–न्गुओइ’ बोलू लागली की सगळ्यांचा आवाज एकच होतो. तपासायची पद्धत सोपी आहे: नावं झाकून वीस वाक्यं वाचायची आणि कोण बोलतंय ते ओळखता येतं का पाहायचं.

याहून अवघड असतं ते नात्याचं बदलणं. समजा एक भाडोत्री शिपाई आणि एक वैद्य तरुणी आहेत. दुसऱ्या प्रकरणात ते अनोळखी आहेत, तेव्हा तो स्वतःला ‘तोय’ आणि तिला ‘को’ म्हणेल, सभ्य आणि अंतर राखून. नवव्या प्रकरणात तो पहिल्यांदा ‘आन्ह’ आणि ‘एम’ म्हणतो. ही दादा आणि धाकटी या अर्थाची जोडीच प्रेमिकांचीही जोडी आहे, म्हणून हाच त्याचा प्रेमाचा उच्चार. इंग्रजी संहितेत या दोन प्रकरणांत काहीही फरक नसतो. तिसऱ्या प्रकरणाच्या भाषांतरकाराने चुकून ‘एम’ लिहिलं तर गुपित सहा प्रकरणं आधी फुटतं. आणि चौथ्यात दुसऱ्या कोणी पुन्हा ‘को’ लिहिलं तर खेळाडूला वाटतं की मधे भांडण झालं, कारण व्हिएतनामीत ‘एम’वरून ‘को’वर येणं म्हणजे नातं तोडणं. तो ते भांडण शोधत मागचे संवाद पुन्हा वाचतो, आणि ते कुठेच नसतं.

यावर चालणारा उपाय म्हणजे सुंग होचा तक्ता. उभ्या रांगेत बोलणारा, आडव्या रांगेत ऐकणारा, आणि प्रत्येक चौकोनात जोडी आणि ती कोणत्या प्रकरणापासून लागू होते. बारा पात्रं असतील तर १३२ चौकोन होतात, कारण अ ने ब ला काय म्हणायचं आणि ब ने अ ला काय म्हणायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षात कधीच न भेटणारी पात्रं वगळली की बरेच चौकोन रिकामे राहतात. हा तक्ता पहिलं वाक्य भाषांतरित होण्याआधी भरावा लागतो, आणि तो भरायला कथा शेवटपर्यंत माहीत असावी लागते. दर काही आठवड्यांनी नवं प्रकरण येणाऱ्या गेममध्ये शेवट भाषांतरकाराला कोणी सांगत नाही, आणि तिथे हा उपाय अपुरा पडतो.

तक्त्यात न बसणारी आणखी दोन ठिकाणं आहेत. खेळाडूचं पात्र मुलगा की मुलगी हे खेळाडूच ठरवतो, म्हणून त्याला ‘आन्ह’ किंवा ‘ची’, म्हणजे दादा किंवा ताई, म्हणता येत नाही. गेन्शिनमध्ये इतर पात्रं त्याला त्याच्या पदवीने, ‘न्या लू हान्ह’ म्हणजे प्रवासी, अशी हाक मारतात. दुसरं म्हणजे अनेक पात्रांनी वापरलेली सामायिक वाक्यं, ‘धन्यवाद’ किंवा ‘चला’ यांसारखी. तिथे सर्वनाम गाळायचं आणि आवाज वाक्याच्या टोकाला असलेल्या छोट्या शब्दावर सोपवायचा: आदराने बोलणाऱ्यासाठी ‘आ’, लाडिक उत्तरी मुलीसाठी ‘न्ये’, दक्षिणेकडच्या मोकळ्या पोरासाठी ‘न्या’. त्यासाठी ते वाक्य प्रत्येक पात्रासाठी वेगळ्या स्ट्रिंगमध्ये मिळायला हवं. ही मागणी गेमचा कोड लिहिणाऱ्यांकडे करावी लागते, आणि ती भाषांतर सुरू होण्याआधीच करावी लागते.