गाड्यांची रांग: वयाचा खेळ की स्वमग्नतेची खूण?

अडीच वर्षांचं पोर रोज सकाळी उठून गाड्यांची रांग लावतं. आधी सगळ्या लाल, मग निळ्या, मग पिवळ्या. आजी म्हणते, "किती टापटीप आहे बघा!" आई मात्र रात्री मोबाइलवर शोधत बसते, कारण रांगा लावणं हे स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं लक्षण असतं असं तिच्या कानावर आलेलं असतं. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक रांगेचा फोटो दाखवतात. फोटोवरून काही कळत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या रांगा फोटोत सारख्याच दिसतात. फरक असतो तो रांग लावताना आणि लावून झाल्यावर काय होतं त्यात.

आधी साधी रांग घेऊ. दीड वर्षाचं मूल तीन-चार ठोकळे एकावर एक रचतं. आडव्या ओळीत लावणं त्यानंतर, दोन वर्षांच्या आसपास येतं. अमेरिकेतले अर्नोल्ड गेझेल यांनी मुलांच्या विकासाचे टप्पे नोंदवले, तेव्हा एक इंचाच्या ठोकळ्यांची आगगाडी करणं ही दोन वर्षांच्या मुलाची एक चाचणीच ठरवली. म्हणजे ज्या ओळीने आईची झोप उडते, ती ओळ तपासणीच्या खोलीत मुलाला मुद्दाम लावायला सांगतात. रंगांचंही तसंच आहे. रंगांची नावं सांगता येण्याआधीच मुलाला सारखे रंग एकत्र करता येतात. 'लाल' म्हणता येत नाही, पण हे दोन एकसारखे आहेत हे कळलेलं असतं, आणि जे नव्याने कळलं ते मूल पुन्हापुन्हा करून बघतं.

अशी रांग लावताना जवळ बसून बघा, मोठी गंमत असते. स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी लहान मुलांना रंगीत आकार देऊन 'सारखे सारखे एकत्र ठेव' असं सांगितलं. मूल लाल चौकोनाशेजारी लाल गोल ठेवतं, इथवर रंग जुळला. पुढे त्या गोलाला बघून निळा गोल ठेवतं, म्हणजे आता आकार जुळला. मग निळ्याला बघून निळा त्रिकोण. प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी जुळते, पण सबंध रांगेला एक नियम नसतो. शेवटी रांग लांबच लांब झाली की मूल तिला गाडी किंवा घर म्हणून मोकळं होतं. एकच नियम शेवटपर्यंत धरून ठेवायची ताकद अजून आलेली नसते. त्यामुळे या वयात रांगेचा नियम मध्येच घसरला, तर त्यात चूक काहीच नाही.

मग रोज तेच का? १९९७ साली अमेरिकेत सुमारे दीड हजार पालकांना मुलांच्या सवयींबद्दल प्रश्न विचारले गेले. वस्तू सरळ ओळीत लावणं, ठरावीक क्रम, 'अस्संच पाहिजे' हा हट्ट, हे सगळं दोन ते चार या वयात सर्वांत जास्त दिसलं आणि पुढे कमी होत गेलं. त्याच वाटीत भात, तीच गोष्ट, गोष्टीत एक शब्द बदलला तर ओरडा, हे घरोघरी चालतं. दिवसभरात काय घडणार यातलं फारसं काही मुलाच्या हातात नसतं. गाड्यांचा क्रम असतो.

आता दुसरी रांग. १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. स्वमग्नतेची ओळख जगाला त्यातून झाली. त्यात एक निरीक्षण आहे. मुलाने ठोकळे मांडले. मांडणीला कुठलाच नियम दिसत नव्हता. काही दिवसांनी त्याने तेच ठोकळे पुन्हा अगदी तसेच मांडले, प्रत्येकाचा तोच रंग वर, अक्षरं आणि चित्रं त्याच दिशेला. एक ठोकळा कमी असला किंवा एखादा जास्तीचा आला, तरी मुलाला ते लगेच कळायचं आणि आधीसारखं होईपर्यंत चैन पडायचं नाही.

पियाजेंच्या मुलांची रांग घसरत, बदलत जाते. कॅनरच्या मुलाची मांडणी जशीच्या तशी राहते. मला हाच फरक सगळ्यांत उपयोगाचा वाटतो, पण तेवढ्याने निकाल लागत नाही.

समजा, दोन मुलं आहेत, दोघंही अडीच वर्षांची, दोघांपुढे दहा-दहा गाड्या. पहिल्याने रांग लावली, "आई बघ!" म्हणून बोट दाखवलं, आणि आईने बघितलं की नाही हे तिच्या चेहऱ्याकडे वळून तपासलं. बाबांनी अकरावी गाडी आणून ठेवली. तो चिडला, रडलासुद्धा, पण मग "पेट्रोल पाहिजे" म्हणत तिला रांगेच्या टोकाला घेतलं. चार दिवसांनी तीच रांग टोलनाका झाली. दुसऱ्याने रांग लावली, जमिनीला गाल टेकवून एका डोळ्याने तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, चाकं फिरवली. नावाने हाक मारली तर वळला नाही. रांग कुणाला दाखवली नाही. गाडी एवढीशी सरकली तर बराच वेळ शांत होईना, आणि गाडी मूळ जागी गेल्यावर पुन्हा तसाच बघत बसला. गाडीला कधी प्रवासी नाही, आवाज नाही, अपघात नाही.

चिडण्यावर फार भर देऊ नका. या वयात पोळीचा तुकडा मोडला तरी रडणारी मुलं असतात. चिडल्यावर मूल कुणाकडे येतं का आणि किती वेळात सावरतं, हे बघा. मुद्दाम रांग मोडून परीक्षा मात्र घेऊ नका. आणि स्वमग्न मूलही कधी रांग दाखवतं, आनंदाने उड्या मारतं. रांगेत त्याचा जीव रमतो, तो हिसकावण्यात अर्थ नाही.

निदानाच्या निकषांतही रांगेचं स्थान एवढंच आहे. २०१३च्या अमेरिकन निकषांनुसार सामाजिक संवादाच्या तिन्ही बाबींत अडचण असावी लागते, शिवाय एकाच पद्धतीने वागण्याच्या चार प्रकारांपैकी किमान दोन. खेळणी ओळीत लावणं हे त्या चारांपैकी एका प्रकारातलं उदाहरण. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरली जाणारी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची यादी बघितलीत, तर तिच्यात रांगेबद्दल एकही प्रश्न सापडणार नाही. तिथे विचारलेलं असतं: मूल बोटाने दाखवतं का, हाकेला ओ देतं का, खोटं-खोटं खेळतं का, तुम्ही बघता तिकडे बघतं का.

यातल्या दोन-तीन गोष्टी नसतील, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत वर्ष काढू नका. हाकेला वळत नसेल तर आधी कान तपासून घ्या. बालरोगतज्ज्ञांकडे जा, किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लवकर उपचार केंद्रात. तिथली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत होते. जाताना फोटोऐवजी चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ न्या. त्यात मूल रांग लावताना दिसू द्या, मागून एकदा नाव घ्या, आणि तुम्ही शेजारी बसून स्वतःची एक गाडी चालवा. ते तुमच्या गाडीकडे बघतं की नाही, हेच डॉक्टर पहिल्यांदा बघतील.