स्तंभाच्या डोक्यावरचा आकडा: कानबान फळ्यातील मर्यादेची पार्श्वभूमी

मुंबईतल्या अनेक छोट्या कार्यालयांत आज भिंतीवर किंवा संगणकाच्या पडद्यावर ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे तीन स्तंभ दिसतात, आणि त्याला सर्रास कानबान फळा म्हटले जाते. या फळ्यावर बहुधा एक गोष्ट नसते, ती म्हणजे स्तंभाच्या शीर्षकाशेजारी लिहिलेला आकडा, ज्याला या क्षेत्रातले लोक ‘विप लिमिट’ म्हणतात. म्हणजे त्या स्तंभात एका वेळी जास्तीत जास्त किती कामे असू शकतात याची मर्यादा. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. मर्यादा आधी आली, आणि स्तंभांचा फळा पुष्कळ नंतर.

जपानी भाषेत ‘कानबान’ म्हणजे पाटी, दुकानावर लावतात तशी. टोयोटाच्या कारखान्यात अभियंते तैइची ओनो यांनी हा शब्द सुट्या भागांच्या पेटीला लावलेल्या चिठ्ठीसाठी रूढ केला. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक फळीवरून वस्तू उचलतो आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढाच माल मागून भरला जातो, ही कल्पना त्यांना भावली होती, आणि १९५३ मध्ये त्यांनी ती मुख्य कारखान्याच्या यंत्रशाळेत लागू केली. पुढे १९६२ च्या सुमारास ती कंपनीभर पसरली. पुढच्या टप्प्यावरचा कामगार पेटीतील भाग वापरायला घेतो तेव्हा तिच्यावरची चिठ्ठी सुटून मागच्या टप्प्याकडे जाते, आणि चिठ्ठी हाती आल्याशिवाय तिथे नवा भाग बनवायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे कारखान्यात फिरणाऱ्या चिठ्ठ्यांची संख्या ठरली की अर्धवट मालाची कमाल मर्यादाही आपोआप ठरत असे. मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की चिठ्ठ्या मुद्दाम कमी करता येत. एक चिठ्ठी काढून घेतली की साठ्याखाली झाकलेली अडचण, मग ते सतत बिघडणारे यंत्र असो किंवा उशिरा येणारा भाग, उघडी पडत असे.

कार्यालयीन कामात ही मर्यादा आणण्याचा सर्वांत परिचित प्रयोग २००४ मध्ये झाला, आणि त्याचा एक धागा भारतात आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत संगणकप्रणालींची देखभाल करणाऱ्या एका गटाचे प्रत्यक्ष काम हैदराबादमध्ये चालत असे, आणि त्याचे व्यवस्थापन ड्रागोश दुमित्रिउ यांच्याकडे आले होते. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने दुमित्रिउ यांनी नव्या मागण्यांना किती वेळ लागेल याचे आगाऊ अंदाज बांधणे थांबवले, कारण ज्यांनी काम करायचे त्यांचाच मोठा वेळ त्या अंदाजांत जात होता, आणि एका वेळी हाती किती कामे असतील यावर बंधन घातले. एका मागणीला लागणारा कालावधी सुमारे पाच महिन्यांवरून दोन आठवड्यांवर आला. भिंतीवरचा फळा या प्रयोगाचा भाग नव्हता. तो अँडरसन यांच्या पुढच्या कामात, सिॲटलच्या कॉर्बिस या छायाचित्रांच्या कंपनीत, २००७ च्या सुमारास आला.

फळ्यावर येताना चिठ्ठीचा अर्थ बदलला, आणि आजचा गोंधळ इथूनच सुरू होतो असे माझे मत आहे. टोयोटातील चिठ्ठी ही काम सुरू करण्याची परवानगी होती. फळ्यावरचे कार्ड मात्र स्वतः कामच असते, आणि परवानगी देते ती स्तंभातली रिकामी जागा. मर्यादा चार असेल आणि तीनच कार्डे असतील, तर ती एक मोकळी जागा म्हणजे खरी कानबान. आकडाच पुसला तर जागा कधीच संपत नाही, आणि उरते ती फक्त कामांची रंगीत यादी.

उदाहरण म्हणून दादरमधल्या पाच जणांच्या एका संपादकीय कार्यालयाची कल्पना करू, जिथे दिवाळी अंकाचे काम चालू आहे: दोन संपादक, एक मुद्रितशोधक, एक मांडणी करणारा आणि लेखकांशी बोलणारी एक समन्वयक. ऑगस्टमध्ये संपादनात १८, मुद्रितशोधनात ४ आणि मांडणीत २ असे २४ लेख अर्धवट आहेत, आणि आठवड्याला सरासरी ६ लेख छपाईयोग्य होतात. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार चालू कामांच्या सरासरी संख्येला पूर्ण होण्याच्या वेगाने भागले की एका कामाचा सरासरी कालावधी मिळतो. इथे तो ४ आठवडे होतो. संपादनाला ४, मुद्रितशोधनाला ३ आणि मांडणीला २ अशी एकूण ९ ची मर्यादा घातली, जास्तीचे लेख परत ‘आलेले’ या स्तंभात ठेवले आणि वेग तोच राहिला, तर हाती घेतलेला लेख दीड आठवड्यात बाहेर पडतो. परत ठेवलेल्या लेखांची वाट पाहणे यातून संपत नाही, हे मान्यच करायला हवे; पण ते लेख अर्धे वाचून विसरले जात नाहीत आणि त्यांचा क्रम शेवटपर्यंत बदलता येतो. हा हिशेब सरासरीचा आहे, आणि येणारी व जाणारी कामे साधारण जुळतात तेव्हाच तो टिकतो.

खरी कसोटी लागते ती मुद्रितशोधनाचे तीनही कप्पे भरतात तेव्हा. संपादकाचा लेख तयार आहे, पण पुढे जागा नाही. म्हणून संपादनाचा स्तंभ ‘चालू’ आणि ‘तयार’ असा दुभागतात, आणि ४ ची मर्यादा दोन्ही भागांना मिळून असते. तयार लेख जागा अडवून बसले की संपादकाला नवा लेख उघडता येत नाही. त्याने मुद्रिते वाचायला बसावे, हीच त्या रचनेची अपेक्षा असते. ‘तयार’ला वेगळी मर्यादा दिली किंवा ती मोकळी सोडली, तर ढीग फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात सरकतो.

अशा ढिगाची सर्वांत आवडती जागा म्हणजे ‘लेखकाकडे’ नावाचा बिनमर्यादेचा स्तंभ. दुरुस्तीसाठी पाठवलेला लेख तिकडे टाकला की संपादनात जागा होते आणि नवा लेख सुरू होतो. आकडे पाळलेले दिसतात, पण लेख हलत नाहीत. हे ओळखायचे तर प्रत्येक कार्डावर काम सुरू केल्याची तारीख लिहावी आणि दर सोमवारी सर्वांत जुने कार्ड कुठे आहे ते पाहावे. ते सलग तीन सोमवार ‘लेखकाकडे’च सापडले, तर तो स्तंभ काढून थांबलेले लेख संपादनाच्या मर्यादेतच मोजावेत, म्हणजे लेखकाला फोन करणे हे त्या दिवशीचे पहिले काम ठरते. ऐनवेळी येणाऱ्या जाहिरातीसाठी एक आडवी ‘तातडीची’ ओळ ठेवता येते. तिचीही मर्यादा एका कामाचीच असावी, कारण अंक छापखान्यात जाण्याच्या आठवड्यात प्रत्येकालाच आपले काम तातडीचे वाटते.