नगरपालिकेचा शिक्का वेगळा, भाषांतरकाराचा दाखला वेगळा

फ्रान्समधल्या जन्मदाखल्याचे व्हिसासाठी इंग्रजी भाषांतर करून घेताना ‘सर्टिफाइड’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. प्रमाणित प्रत ही फ्रान्समधल्या नगरपालिकेने दिलेली असते. मूळ नोंदवहीत जे आहे तेच या कागदावर आहे, एवढेच ती सांगते. प्रमाणित भाषांतरात मात्र भाषांतरकार स्वतःच्या शब्दाची जबाबदारी घेतो. पहिल्या कागदावरचा शिक्का दुसऱ्या कामाला चालत नाही, आणि आपल्याकडे कोर्टाबाहेर मिळणारा नोटरीचा शिक्का तर या दोन्हींपैकी कशाचीच जागा घेत नाही. फ्रेंच न येणारा नोटरी फार तर सही कोणाची आहे हे सांगू शकतो, भाषांतर बरोबर आहे की नाही हे नव्हे.

कोणती प्रत मागवायची हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. फ्रान्समध्ये जन्मनोंदीचा उतारा मिळतो आणि संपूर्ण नक्कलही मिळते, जिला तिथे ‘कोपी आंतेग्राल’ म्हणतात. आईवडिलांची नावे नसलेला उतारा नात्याच्या पुराव्यासाठी निरुपयोगी असतो. बहुभाषिक उताऱ्यावर छापील मथळे इंग्रजीतही असतात, म्हणून भाषांतर वाचेल असे अनेकांना वाटते. माझे मत मात्र नेहमी संपूर्ण नक्कल घ्यावी असेच आहे. जन्म जिथे झाला तिथल्या नगरपालिकेकडून ती विनामूल्य मिळते.

लोक खरोखर अडखळतात ते पुढे. नगरपालिकेचे प्रमाणन हा मूळ कागदाचाच भाग असल्यामुळे त्याचेही भाषांतर व्हावे लागते, तर भाषांतरकाराचे प्रमाणन त्या कागदाच्या बाहेर, भाषांतर संपल्यावर यावे लागते. ही सीमारेषा पुसली गेली की एकतर शिक्के आणि हस्ताक्षरातल्या नोंदी गळतात, नाहीतर भाषांतरकार मूळ कागदात स्वतःची भर घालून बसतो.

एक उदाहरण मनाशी धरू. १९८६ साली ग्रनोब्ल शहरात, तिथे संशोधन करणाऱ्या मराठी जोडप्याला मुलगा झाला. आई पुढे अमेरिकेची नागरिक झाली आणि आता मुलाला अमेरिकेत कायमचे राहता यावे म्हणून नात्याच्या आधारावरचा आय-१३० हा अर्ज भरते आहे. नाते सिद्ध करणारा मुख्य कागद म्हणजे मुलाचा जन्मदाखला. नगरपालिकेने नोंदवहीच्या पानाची छायाप्रत पाठवली आहे. मधल्या मजकुरात आईचे आडनाव ‘कुलकर्णी’ असले, तरी रोमन लिपीत मधल्या ‘के’ऐवजी ‘सी’ पडला आहे. डाव्या समासात हाताने लिहिलेली टीप आहे: सरकारी वकिलाच्या सूचनेवरून, ११ फेब्रुवारी १९८७ या तारखेने, आईचे आडनाव अमुक असे वाचावे, तमुक असे नव्हे. खाली सही. पानाच्या तळाशी ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ अशा अर्थाची ओळ, प्रत दिल्याची तारीख, अधिकाऱ्याची सही आणि नगरपालिकेचा गोल शिक्का.

अशा कागदाचे मी पाहिलेले एक भाषांतर नीटनेटके होते आणि तरीही चुकीचे होते. भाषांतरकाराने मजकुरातले आडनाव परस्पर दुरुस्त करून लिहिले, मग टीप अनावश्यक ठरली म्हणून वगळली, आणि शिक्क्याच्या जागी फक्त ‘सील’ एवढा शब्द टाकला. हेतू चांगला होता, पण तपासणारा अधिकारी मूळ कागद शेजारी ठेवतो. त्याला मूळ मजकुरात एक स्पेलिंग दिसते, भाषांतरात दुसरे, आणि समासातल्या पाच ओळींचा भाषांतरात पत्ताच नाही. दुरुस्ती करण्याचा अधिकार ज्याला होता त्याने ती १९८७ सालीच केली होती. भाषांतरकाराने ती पुन्हा केल्यामुळे खरा पुरावाच झाकला गेला.

योग्य रीत अशी. मजकुरात चुकीचे स्पेलिंग जसेच्या तसे राहू द्यावे. मग ‘डावा समास, हस्तलिखित’ एवढे चौकोनी कंसात सांगून टीप पूर्ण द्यावी, तिच्यातली दोन्ही स्पेलिंगे अक्षरशः उतरवून. सही वाचता येत नसेल तर कंसात ‘सही, अवाच्य’ असे लिहावे आणि नाव अंदाजाने घालू नये. शिक्क्याचा आकार आणि त्यावरचा मजकूर, म्हणजे कोणती नगरपालिका आणि ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ हे शब्द, इंग्रजीत द्यावेत. शिक्का अर्धवट उमटला असेल तर जेवढा वाचता येतो तेवढाच द्यावा. कंसात असेल ते भाषांतरकाराचे निरीक्षण आणि कंसाबाहेर असेल ते कागदाचे बोलणे, हा भेद शेवटच्या ओळीपर्यंत पाळावा.

हस्ताक्षरातल्या आकड्यांबाबत विशेष सावध राहावे. फ्रेंच माणूस १ हा आकडा लांब तिरप्या शेंडीसह लिहितो, त्यामुळे इंग्रजी वळणाची सवय असलेल्या डोळ्याला तो ७ वाटतो. त्यांचा ७ बहुधा मधल्या आडव्या रेघेने ओळखू येतो. आपल्या उदाहरणातली ११ ही तारीख एका वाचनात १७ झाली होती. अशा वेळी त्याच हाताने त्याच टिपेत लिहिलेले ‘१९८७’ पाहावे. त्यातला पहिला आणि शेवटचा आकडा शेजारीशेजारी ठेवले की लिहिणाऱ्याचे वळण कळते. तरीही शंका उरली तर नगरपालिकेकडे टंकलिखित नक्कल मागावी. आणि भाषांतरात महिना नेहमी शब्दांत लिहावा. फ्रान्समध्ये आधी दिवस व मग महिना लिहितात, अमेरिकेत उलट, त्यामुळे ०३/०४ असे तसेच ठेवले तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो.

समास कोरा असेल तर तेही कंसात नोंदवावे. मात्र ‘नेआँ’ असा शब्द लिहिलेला असेल, तर ते कागदाचेच म्हणणे आहे, म्हणून कंसाबाहेर ‘काही नाही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द यावा. लग्न फ्रान्समध्ये झाले असेल तर त्याचीही नोंद याच समासात होते, आणि अमेरिकेच्या नियमांत एकवीस वर्षांवरील विवाहित व अविवाहित मुलांचे वर्ग वेगळे असतात. म्हणून जुन्या फायलीतली नक्कल न वापरता ताजी मागवावी.

हे सगळे झाल्यावर रेघ ओढून त्याखाली भाषांतरकाराचा दाखला यावा. अमेरिकेच्या नियमानुसार त्यात दोन विधाने लागतात: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपण फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर करण्यास सक्षम आहोत. ‘पूर्ण’ या शब्दाखाली सही करणाऱ्याने समासातली टीप गाळली असेल तर त्याचे विधानच खोटे ठरते. ब्रिटनच्या व्हिसासाठी अचूकतेचे विधान, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील मागतात. फ्रान्समध्ये अपील न्यायालयाच्या यादीतले शपथबद्ध भाषांतरकार असतात आणि त्यांचे काम उत्तम चालते, पण या दोन्ही देशांत तशी अट नाही.

तळाशी त्यामुळे दोन तारखा येतात, नक्कल दिल्याची आणि भाषांतर केल्याची. पहिली भाषांतरित मजकुरात, नगरपालिकेच्या सहीजवळ असावी. दुसरी रेघेच्या खाली, भाषांतरकाराच्या सहीजवळ. भाषांतरकाराला स्वतःचा गोल शिक्का मारायचाच असेल तर तोही रेघेखालीच मारावा, नगरपालिकेच्या शिक्क्याच्या वर्णनाशेजारी कधीही नाही.