"उंदीर चावला तर ना?"

दर पावसाळ्यात मुंबईत दोन-तीनदा पाणी तुंबतं आणि लेप्टो या आजाराचं सूचनापत्रक येतं. भाषा साधारण अशी असते: "अतिवृष्टीमुळे साचलेल्या बाधित पाण्याशी संपर्क आलेल्या नागरिकांनी वैद्यकीय सल्ल्याने विहित कालावधीत प्रतिबंधात्मक औषधोपचार घ्यावेत. साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे." यंदा मी असंच एक पत्रक आमच्या वॉचमनला वाचून दाखवलं आणि विचारलं, काय कळलं? तो म्हणाला, "उंदीर चावला तर डॉक्टरकडे जायचं." म्हणजे पत्रकात नसलेलीच गोष्ट कळली, आणि आदल्या रात्री तो स्वतः गुडघाभर पाण्यातून ड्युटीवर आलेला!

त्याचं काही चुकलं नाही. खरा प्रकार डोक्यात नसेल तर माणूस रिकामी जागा आपल्या मनाने भरतो. प्रकार असा आहे की लेप्टोस्पायरा हा स्प्रिंगसारखा पीळदार जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये बिऱ्हाड करून राहतो, उंदराला फारसा त्रास होत नाही पण लघवीतून जिवाणू बाहेर पडत राहतात. (कुत्री, गुरं यांच्याही लघवीतून पडतात.) पाऊस आला की हे सगळं रस्त्यावरच्या पाण्यात मिसळतं. जिवाणूची जाडी साधारण 0.1 मायक्रॉन, आणि तो स्क्रूसारखा फिरत पुढे जातो, त्यामुळे टाचेची भेग, चपलेने सोललेली जागा, चिखल्या, एवढं दार त्याला पुरतं. बराच वेळ पाण्यात राहून सुरकुतलेली कातडीही त्याला सोपी जाते, डोळ्यांत किंवा तोंडात पाणी उडालं तरी चालतं. आत गेला की रक्तात. ताप मात्र लगेच येत नाही, बहुतेकांना 5 ते 14 दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, म्हणजे "विहित कालावधी". तो 72 तासांचा असतो, पण कशापासून मोजायचा? लोक तापापासून मोजतात! मोजायचा पाण्यातून बाहेर आल्यापासून, कारण तेव्हा जिवाणू थोडे असतात आणि डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी त्यांची वाढ रोखते, पुढे ते यकृतात मूत्रपिंडात पोचले की काम अवघड होतं. म्हणून "72 तास" लिहिण्यापेक्षा "सोमवारी रात्री पाण्यातून आलात तर गुरुवार रात्रीच्या आत" असं लिहावं, वार सगळ्यांना कळतो.

गोळीचा उपयोग किती? पनामाच्या जंगलात अमेरिकन सैनिकांवर प्रयोग झाला होता, 1984 साली छापून आला. आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सी घेतलेल्या सुमारे 470 जणांत 1 आजारी पडला, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या साधारण तितक्याच जणांत 20. शहरातल्या पुराला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण हे वाचून दोन गोष्टी दिसतात, की बहुतेकांना काहीच होत नाही आणि गोळी घेऊनही एखाद्याला होतं. "जीवघेणा आजार" असं मोठ्या टायपात छापण्यापेक्षा हे सांगणं बरं. आणि व्हॉट्सॲपवर कापराची पुडी खिशात ठेवायचा जो उपाय फिरतो त्याबद्दल काय बोलणार, जिवाणू पायातून शिरतोय आणि पुडी शर्टाच्या खिशात!

पत्रक मी नव्याने लिहायला घेतलं तेव्हा "टाळावे" तर सरळ काढलं. लोकल बंद पडल्यावर रुळांतून चालत निघालेल्या माणसाला टाळायला वाव कुठे असतो?

मग मी लिहिलं ते असं:

"पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चाललात? पायाला जखम नसली तरी तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जा. ताप येण्याची वाट बघू नका. पाण्यातून कधी आणि किती वेळा गेलात, पायाला जखम होती का, हे डॉक्टरांना सांगा, गोळी किती दिवस घ्यायची ते त्यावरून ठरतं. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर आधी सांगा, त्यांचं औषध वेगळं असतं. गोळी जेवून घ्या. पुढच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर गोळी घेतली असली तरी त्याच दिवशी दवाखाना. डोळे पिवळे, लघवी कमी किंवा धाप लागली तर थेट मोठं हॉस्पिटल."

तापाच्या पहिल्या दोन दिवसांत लेप्टोची अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, अँटीबॉडी तयार व्हायला पाचेक दिवस तरी जातात, म्हणून "रिपोर्ट निगेटिव्ह आहे" म्हणत घरी बसू नये. हे वाक्यही घालायचं होतं पण कागद भरला, आणि ते डॉक्टरांनी बघायचं काम आहे म्हणून सोडलं.

वॉचमनला पुन्हा वाचून दाखवलं. ह्यावेळी त्याने बोटांवर मोजलं, "म्हणजे माझा शुक्रवार." मग थांबून म्हणाला, "साहेब, माझा भाऊ पाणी उपसायच्या पंपावर आहे, पावसाळाभर रोज पाण्यातच उभा असतो. त्याचे तीन दिवस कुठून मोजायचे?"

मी त्याला विसरलोच होतो. अशा लोकांना एकदाच गोळी देऊन भागत नाही, आठवड्याला एकदा असा सहा आठवड्यांचा कोर्स देतात. "रोज पाण्यात काम करता? तुमचा कोर्स वेगळा आहे, आजच दवाखान्यात विचारा," ही ओळ सगळ्यात वर घातली आणि कागद नव्याने प्रिंट केला.