पाठीवरील सेबोऱ्हिक केराटोसिस व मेलॅनोमा : भेद

उतारवयात पाठीवर दिसू लागणारी तपकिरी किंवा काळी, खरबरीत गाठ बहुतेक वेळा सेबोऱ्हिक केराटोसिस असते. घरात तिला सरसकट मस किंवा चामखीळ म्हणतात. ही बाह्यत्वचेतील केराटिन तयार करणाऱ्या पेशींची निरुपद्रवी वाढ आहे. मेलॅनोमा हा मात्र रंजकपेशींचा कर्करोग होय. दोहोंचा काळेपणा मेलॅनिनमुळेच येतो, म्हणून गल्लत होते.

‘सेबोऱ्हिक’ हे नाव स्नेहग्रंथींकडे बोट दाखवते, पण ही वाढ त्या ग्रंथींतून होत नाही. पृष्ठभाग मेणचट, तेलकट दिसतो, त्यावरून ते पडले असावे. ब्रिटिश ग्रंथांतील ‘बेसल सेल पॅपिलोमा’ हे नाव पेशींच्या दृष्टीने अधिक नेमके वाटते. जुने ‘सेनाइल वॉर्ट’ हे नाव टाळलेले बरे, कारण खरा चामखीळ विषाणूमुळे होतो व पसरतो, ही वाढ संसर्गजन्य नाही. तिच्या कारणांविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक सूर्यप्रकाशाला महत्त्व देतात, परंतु ती कपड्यांखाली कायम झाकलेल्या त्वचेवरही विपुल आढळते. अनेक वाढींत एफजीएफआर-३ या जनुकाची उत्परिवर्तने सापडली असल्याने वय आणि पेशीगत बदल यांना प्राधान्य देणारे मत अधिक ग्राह्य दिसते.

मेलॅनोमा ओळखण्यासाठी ‘एबीसीडी’ नियम सर्वत्र सांगितला जातो : असमान आकार, वेडीवाकडी कड, एकाहून अधिक रंग आणि ६ मिमी.पेक्षा जास्त व्यास. न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञांनी तो १९८५ मध्ये मांडला. बदलत जाणे हा पाचवा निकष २००४ मध्ये जोडला गेला. साध्या तिळांतून आरंभीचा मेलॅनोमा वेगळा काढण्यास तो उपयोगी आहे. सेबोऱ्हिक केराटोसिसला लावला, तर तो फसतो. ही वाढ मुळातच असमान, दातेरी, दोनतीन छटांची असते, सहज १ ते २ सेंमी. भरते आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतही जाते. नियमाची जवळजवळ सगळी कलमे तिला लागू पडतात, तरी ती निरुपद्रवीच.

येथे कामी येतो तो पृष्ठभाग. वाढ त्वचेवर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखी वर बसलेली असते आणि तिची कड बोटाला जाणवते. डर्मोस्कोपच्या दहापट भिंगाखाली पांढरे मोत्यासारखे ठिपके (केराटिनच्या पुटी), काळपट बुचांनी भरलेली छिद्रे आणि मेंदूवरच्या वळ्यांसारख्या खाचा दिसतात. मेलॅनोमात रंजकद्रव्याचे विस्कटलेले जाळे, कडेला फुटलेल्या रेषा, निळसर-पांढरा पडदा अशा खुणा असतात. मात्र कोणतीही एक खूण निर्णायक नाही. पांढऱ्या पुटी क्वचित मेलॅनोमातही दिसतात, आणि घासून चिडलेल्या केराटोसिसमध्ये निळसर छटा येऊ शकते.

उदाहरणार्थ, ६८ वर्षांच्या एका पुरुषाच्या पाठीवर वीसेक जुन्या खरबरीत वाढी आहेत. त्यांतली एक चार महिन्यांत वाटाण्याएवढी उंच झाली, टणक लागते, टॉवेलने पुसताना तिच्यातून रक्त येते. भिंगाखाली कडेला दोन पांढऱ्या पुटी दिसतात, पण उरलेला भाग गुळगुळीत, निळा-काळा आहे. चूक होते ती येथेच : त्या दोन पुटी पाहून, आणि आजूबाजूला तशाच वाढी असल्याने, हीदेखील त्यांतलीच मानली जाते. शेजारच्या वाढींशी न जुळणारी, थोड्या महिन्यांत उंचावलेली, निळी-काळी गाठ वेगळीच धरली पाहिजे.

अशा गल्लतीचे प्रमाण २००२ मधील एका अभ्यासातून कळते. वैद्यकीय अंदाजात सेबोऱ्हिक केराटोसिसचा समावेश असलेल्या ९,२०४ नमुन्यांपैकी ६१ मेलॅनोमा निघाले, म्हणजे साधारण दीडशेत एक. हे तपासणीसाठी पाठवलेले नमुने होते. एकूण वाढींत प्रमाण याहून बरेच कमी असणार. भारतीयांत मेलॅनोमा मुळातच कमी, आणि झाला तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. त्यामुळे पाठीवरच्या काळ्या वाढीकडे दुर्लक्ष होणे अधिकच सोपे जाते.

संशयित वाढ कॉटरीने जाळू नये, द्रव नायट्रोजनने गोठवूही नये. ऊतकच नष्ट झाले, तर निदान हातचे जाते आणि मेलॅनोमा किती खोल गेला हे सांगणारी ब्रेस्लो जाडीही मोजता येत नाही. पुढचे उपचार तर त्याच जाडीवर ठरतात. म्हणून अशी गाठ भोवतालच्या सुमारे २ मिमी. त्वचेसह, खालच्या चरबीपर्यंत, अखंड काढतात. त्रास देते किंवा विद्रूप दिसते म्हणून निरुपद्रवी वाटणारी वाढ खरवडून काढली, तरी निदानाविषयी थोडीही शंका असल्यास तो तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शी तपासणीला पाठवावा.