रेसिंग गेममध्ये असिस्ट सगळे बंद केले की वेग वाढतो?

"दादा, सगळे म्हणतात, गाडी सांभाळायला गेम जी मदत देतो ते असिस्ट म्हणजे लेकरांचा खेळ. सगळे एकदम बंद केले की लॅप टाइम आपोआप कमी होतो ना?"

नाही. परभणीच्या माझ्या मावसभावाने हेच केलं आणि आठवडाभर गाडी वाळूतच नेली. खऱ्या जीटी३ रेसिंग गाड्यांतसुद्धा ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असतं, फॉर्म्युला वनमध्ये मात्र त्याला बंदी आहे. म्हणजे ते चालू ठेवण्यात कमीपणा कसला?

आधी स्टॅबिलिटी काढा. गाडी घसरायला लागली की ही मदत एखाद्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, त्यामुळे वळणावर वेग जातो आणि चूक आपल्याला कळतही नाही. मग रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवर दिसणारी रंगीत रेषा, पूर्ण न काढता फक्त वळणांपुरती ठेवा. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या पहिल्या वळणाआधी अंतराच्या पाट्या आहेत. रेषेचा रंग बघण्यापेक्षा दीडशेच्या पाटीवर ब्रेक दाबून बघा. आत जाताना गाडी पुढं निसटली तर ब्रेक थोडा आधी, फारच लवकर थांबली तर थोडा उशिरा. पाटी डोळ्यात बसली की रेषा पूर्ण बंद.

एबीएस सगळ्यात शेवटी. ते नसताना ब्रेक गच्च दाबला की पुढची चाकं जाम होतात: टायर किंचाळतो, धूर निघतो, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. तेव्हा ब्रेक जरासा सोडायचा, चाक फिरलं की गाडी वळते. साध्या कीबोर्डवर ब्रेक बहुधा पूर्ण किंवा शून्य, तिथं एबीएस राहूच द्या.